आयर्विनची पातळी 38 फूट: एका हुकलेल्या विनोदाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधलं आहे आणि ज्यांचा त्यात संबंध आहे त्या सगळ्यांना विचारूनच मी ते लिहिते आहे. विनोद न कळलेल्या माणसाला तो समजावून सांगायची वेळ प्रत्येक ग्रुपवर येते आणि बहुतेक वेळा समजावणारा चांगल्या मनानंच समोरच्याला खजील करून ठेवतो. इथे ते टळलं. कसं टळलं ते मला नीट उलगडून पाहायचं आहे, कारण आमच्या मामीनं त्या संध्याकाळी जो सहा-सात ओळींचा निरोप लिहिला, त्यातलं प्रत्येक वाक्य आपलं काम करत होतं.

आजीचं सहस्रचंद्रदर्शन ऑगस्टमधल्या एका रविवारी ठरलं होतं. सांगलीला विश्रामबागेत मोठ्या मामाच्या घरी शुक्रवारपासूनच पाहुणे जमायला लागले. माझा मामेभाऊ आणि त्याची बायको पुण्यातून शनिवारी येणार होते. वहिनी मूळची अकोल्याची. लग्न मागच्या हिवाळ्यात झालेलं, सांगलीला ती दोनदाच येऊन गेलेली, तीही धावती. ग्रुपवर आम्ही तीसहून जास्त माणसं आहोत. त्यातली निम्मी तिला नावानं माहीत होती, चेहऱ्यानं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मोठ्या मामानं हा मजकूर टाकला:

«आयर्विन पूल, सायं. 7 वा. पातळी 38 फूट, वाढ सुरू. कराडहून दोन गाड्यांचा विसर्ग सोडला असून रात्री 9 पर्यंत पोहोचेल. अलमट्टीचे दरवाजे सकाळपासून बंद. तळमजल्यावरील नागरिकांनी अंथरुणासह वरच्या मजल्यावर स्थलांतर करावे. घाबरू नये.»

सांगलीच्या माणसाला हे वाचून हसू फुटायला वेळ लागत नाही. घरात 38 माणसं झाली आहेत. कराडहून मावशीकडच्या दोन गाड्या निघाल्या आहेत. अलमट्टी हे कृष्णेवर पुढे कर्नाटकात असलेलं धरण, पण इथे ते म्हणजे धाकटे मामा, जे आंघोळीला गेले की न्हाणीघराचं दार तासभर उघडत नाही आणि बाहेर रांग तुंबते. खाली झोपायला जागा उरलेली नाही, तेव्हा आपापलं अंथरूण घेऊन वर जा. कृष्णेला पाणी चढू लागलं की आमच्याकडे आयर्विन पुलाजवळच्या पातळीचे आकडे असेच, याच भाषेत, दिवसभर मोबाइलवर फिरत असतात. 40 फूट ही इशारा पातळी, 45 ही धोका पातळी. हे दोन आकडे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. म्हणून 38 हा आकडाच मजेदार होता: अजून दोन माणसं आली की इशारा!

मामाचा मजकूर आला आणि दहाएक मिनिटांत वहिनीचं उत्तर आलं:

«काका, बापरे! पाणी घरापर्यंत आलंय का? आजींना वर नेलं ना? त्यांची औषधं खाली राहिली नाहीत ना? आम्ही आत्ता निघू का?»

त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत ग्रुपवर जे झालं ते सगळ्यांना ओळखीचं वाटेल. हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे ओळीनं पडले. एका भावानं «अगं वेडाबाई!» असं लिहिलं. एकानं खो-खो हसणाऱ्या बाईचं स्टिकर टाकलं. वहिनीनं «ओह» एवढंच लिहिलं आणि मग आपला आधीचा निरोप पुसून टाकला. निरोप पुसला गेल्याची ती राखाडी ओळ मात्र सगळ्यांना दिसत राहिली.

या पुसण्याकडे मी लक्ष वेधते, कारण माणूस दुखावला गेला आहे की नाही हे ओळखायची ती खात्रीची खूण आहे. ज्याला आपली चूक गमतीची वाटते तो स्वतःच हसरा चेहरा टाकतो, «मी तर बॅग भरायला घेतली होती» असं काहीतरी लिहितो. ज्याला लाज वाटते तो पुरावा नाहीसा करतो आणि गप्प होतो. हा फरक कळला की पुढे काय लिहायचं ते ठरवता येतं.

आता मुळात तिचं काय चुकलं होतं? मला वाटतं, काहीच नाही. तिच्या जागी बसून तो मजकूर पुन्हा वाचा. पूल, पातळी, वाढ, विसर्ग, स्थलांतर. ऑगस्ट महिना. सांगलीचं नाव महाराष्ट्रभर ज्या गोष्टीसाठी बातम्यांत येतं तीच ही गोष्ट. 2019 च्या ऑगस्टात आयर्विनजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, ती चित्रं तिनं अकोल्यात टीव्हीवर पाहिली होती. «दोन गाड्या» वाचून तिला मदतीच्या गाड्या वाटल्या, हे तिनं मला नंतर सांगितलं. «अंथरुणासह» हा शब्द आम्हाला हसवून गेला, तिला तो अधिकच खरा वाटला, कारण पुरातून निघालेली माणसं डोक्यावर वळकट्या घेऊन चाललेली तिनं पाहिली होती. म्हणजे तिच्या वाचनात एकही ओळ अडकत नव्हती. सगळा मजकूर सरळ अर्थानं लागत होता.

आम्हाला जे पाहून विनोद कळला ते मजकुरात नव्हतंच. 38 फुटांना विश्रामबागेत पाणी येत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी पाऊस किरकोळ होता आणि नदी बरीच खाली होती, हेही ठाऊक होतं. धाकट्या मामांच्या आंघोळीचं तर विचारूच नका. विनोद कळायला जी माहिती लागते ती सगळी घरात होती, निरोपात त्यातलं काहीही नव्हतं. माहिती नसणं आणि बुद्धी मंद असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गंमत अशी की ऐकणाऱ्याला त्या क्षणी त्या एकच वाटतात, कारण बाकी सगळे हसत असतात.

इथे एक जुना प्रसंग सांगायलाच हवा, कारण तो आमच्या प्रकरणाशी फार जुळतो. 1982 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात, संगणकावरच्या सूचनाफलकावर, भौतिकशास्त्राचं एक कोडं रंगलं होतं: लिफ्टची दोरी तुटून ती खाली कोसळू लागली, तर आतल्या पेटत्या मेणबत्तीचं आणि जमिनीवरच्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल? त्यात एकानं गमतीनं इशारा लिहिला की नुकत्याच झालेल्या प्रयोगामुळे डावीकडच्या शेवटच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे आणि थोडी आगही लागून गेली आहे. ज्यांनी आधीची चर्चा वाचली नव्हती त्यांतल्या काहींना तो इशारा खराच वाटला. मग गंमत आहे हे दाखवायला काहीतरी खूण हवी अशी चर्चा सुरू झाली आणि 19 सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी `:-)` ही खूण सुचवली. आज आपण जे हसरे चेहरे टाकतो त्यांचं एक मूळ या हुकलेल्या विनोदात आहे. तिथेही विनोद अधिकृत इशाऱ्याच्या वेषात आला होता, आणि तिथेही तो खरा मानणारी माणसं भोळी नव्हती. विद्यापीठात संगणक वापरणारी माणसं होती ती.

मग मामानं शेवटी एक हसरा चेहरा टाकला असता तर? काम भागलं असतं, हे खरं. पण पूर-बुलेटिनची सगळी मजा त्याच्या कोरड्या, गंभीर सुरात आहे. खूण टाकली की मजकूर लंगडा होतो. मामासारखा माणूस ती खूण टाकणार नाही आणि टाकावी असं मला वाटतही नाही. फक्त जो माणूस असा चेहरा न हलवता विनोद करतो त्यानं पुढची पाच-दहा मिनिटं मोबाइल हातात ठेवावा. मामा मजकूर टाकून भाड्याच्या खुर्च्या उतरवून घ्यायला गेला होता.

त्याला मजकूर स्वच्छ गमतीचा वाटत होता, यातही नवल नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये यावर प्रयोग छापले होते. काही वाक्यं गंभीरपणे म्हटलेली, काही उपरोधानं. आवाजात ऐकवली तेव्हा ऐकणाऱ्यांनी चारांतली साधारण तीन बरोबर ओळखली. तशीच ईमेलनं पाठवली तेव्हा निम्म्याहून थोडीच जास्त ओळखली गेली. पाठवणाऱ्यांना मात्र दोन्ही वेळा सारखीच खात्री होती की समोरच्याला कळेल. आपण लिहिताना आपल्या डोक्यात आपलाच आवाज वाजत असतो, वाचणाऱ्याकडे तो पोचत नाही.

आता मामीकडे येऊ. ती स्वयंपाकघरात होती. तिनं मोबाइल पाहिला तेव्हा «ओह» येऊन गेलं होतं आणि वहिनीचा निरोप पुसला गेला होता, पण मामीनं तो आधी सूचनापट्टीत वाचला होता. तिनं लिहिलं:

«अगं, आम्ही सगळे कोरडे आहोत. नदी खूप खाली आहे आणि आपलं घर नदीपासून लांब आहे. आजी वरच्या खोलीत आहेत, औषधं त्यांच्या उशाशी आहेत. औषधांचं विचारणारी तू पहिलीच.

तुझ्या काकांनी पाहुण्यांचं पूर-बुलेटिन काढलंय. पावसाळ्यात आमच्याकडे आयर्विन पुलाची पातळी अशीच येते, 40 ला इशारा, 45 ला धोका. घरात आत्ता 38 माणसं आहेत. मजकूर हुबेहूब खरा आहे, बाहेरच्या कुणालाही खराच वाटेल.

कराडचा विसर्ग म्हणजे मावशी. अलमट्टी कोण ते उद्या आलीस की तूच ओळख.»

पहिली गोष्ट म्हणजे तिनं आधी वहिनीच्या प्रश्नांची उत्तरं दिली. विनोदाचं नावही पहिल्या परिच्छेदात नाही. वहिनीनं चार प्रश्न विचारले होते, त्यांतले तीन आजीविषयी आणि पाण्याविषयी होते. हसणाऱ्यांपैकी एकानंही त्यांचं उत्तर दिलं नव्हतं. मी नंतर वहिनीला विचारलं की सगळ्यात जास्त काय लागलं. मला वाटलं ती «वेडाबाई» म्हणेल. ती म्हणाली, «हसले त्याचं फार नाही वाटलं. पण दोन मिनिटं मला कळेना की आजी ठीक आहेत की नाहीत. गंमत आहे म्हणतायत, पण कशातली गंमत? पाणी आलंच नाही की थोडं आलंय आणि त्यावर गंमत चाललीय?» हे मला आधी सुचलंच नव्हतं. विनोद खरा मानणाऱ्या माणसाच्या मनात एक खरी काळजी पेटलेली असते आणि नुसतं «गंमत होती गं» म्हटल्यानं ती विझत नाही. तिला वस्तुस्थिती हवी असते: नदी कुठे आहे, घर कुठे आहे, आजी कुठे आहेत. ती मिळाली की मगच तिला विनोद ऐकायला उसंत मिळते.

«औषधांचं विचारणारी तू पहिलीच» हे वाक्य चालून गेलं कारण ते खरं होतं आणि नेमकं होतं. त्या गडबडीत कुणीच औषधांची चौकशी केली नव्हती. याच जागी «किती गोड गं तू» असं आलं असतं तर ते लहान मुलाच्या गालाला हात लावल्यासारखं झालं असतं. कौतुक करायचं तर त्या माणसानं प्रत्यक्ष केलेल्या एखाद्या गोष्टीचं करावं. तशी गोष्ट नसेल तर कौतुक गाळावं, उत्तर तेवढ्यानंही पुरतं.

दुसऱ्या परिच्छेदात मामीनं विनोद समजावलेला नाही, हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. तिनं सांगलीची माहिती दिली आहे. पुलाची पातळी येते, हे आकडे असे असतात, घरात इतकी माणसं आहेत. यांतून हसण्यासारखं काय ते वहिनीनं स्वतः जोडायचं. समजावणारे नेमके इथे घसरतात. «म्हणजे बघ, पाणी म्हणजे पाहुणे, फूट म्हणजे माणसं, आणि वर जा म्हणजे झोपायला वर जा, कळलं का?» असं लिहिलं की समोरचा विद्यार्थी होतो आणि आपण गुरुजी. विनोदातली मजा दोन टोकं आपली आपण जुळवण्यात असते. हरवलेलं टोक हातात द्यावं, गाठ त्याला मारू द्यावी. «कळलं का?» हे तर कधीच विचारू नये, कारण त्याचं «हो» हे एकच उत्तर देता येतं, कळलेलं असो वा नसो.

«बाहेरच्या कुणालाही खराच वाटेल» या वाक्यात दोष मजकुराकडे गेला. मामी हे मनापासून म्हणत होती आणि ते खोटं नव्हतं. इथे एक वेगळी वाट बरेच लोक घेतात: «अगं, मलाही आधी कळलंच नव्हतं.» दिसायला ही वाट प्रेमळ आहे. पण जन्म सांगलीत गेलेल्या बाईनं असं म्हटलं तर समोरच्याला ते लगेच कळतं, आणि आपली समजूत काढायला मोठ्या माणसाला खोटं बोलावं लागलं हे जास्त बोचतं. ज्याला खरोखरच कळलं नव्हतं त्यानं जरूर सांगावं. त्या रात्री नाशिकहून माझ्या मावसभावाचा फोन आला की पाणी किती आलंय. त्यानंही मजकूर खराच मानला होता, फक्त ग्रुपवर विचारलं नव्हतं. वहिनीनं जे विचारलं ते आणखी कुणाच्या तरी मनात होतं. हे तेव्हा मामीला माहीत नव्हतं, म्हणून तिनं तसं काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मावसभावानं स्वतः वहिनीला ते सांगितलं, आणि त्याच्या तोंडून ते जितकं पटलं तितकं दुसऱ्या कुणाच्या पटलं नसतं.

शेवटची ओळ मला सगळ्यात आवडते. कराडचं उत्तर दिलं, अलमट्टीचं ठेवून दिलं. विनोदाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे आणि तो उघडायला तू इथे यायला हवंस. वहिनीला काहीतरी समजावून सांगून मोकळं करण्याऐवजी तिनं तिला खेळात घेतलं. पण असा तुकडा ठेवायचा तर तो सोपा हवा. धाकटे मामा शनिवारीही आंघोळीला जाणारच होते!

मामीनं हे ग्रुपवर लिहिलं, वहिनीला वेगळं नाही. असं का, हे मामीला विचारल्यावर तिनं सांगितलेलं कारण साधं होतं: प्रश्न सगळ्यांसमोर विचारला होता, तर उत्तर नसलेलंही सगळ्यांना दिसत होतं. खासगीत समजूत काढली असती तर ग्रुपवर शेवटचं राहिलं असतं ते स्टिकर. शिवाय खासगी निरोपात नकळत असं ध्वनित होतं की झालं ते लपवण्यासारखं होतं. «वेडाबाई» लिहिणाऱ्या भावाला मात्र तिनं स्वयंपाकघरातून हाक मारून सांगितलं की आता त्यावर काही लिहू नकोस. ते ग्रुपवर सांगितलं असतं तर सगळ्यांच्या नजरा पुन्हा वहिनीकडेच वळल्या असत्या. आमच्यात «वेडाबाई» हे लाडाचं आहे, बहिणी-बहिणींत रोज चालतं. पण लाड समजायलाही ओळख लागते, आणि ती अजून व्हायची होती.

खासगीत लिहिणं बरोबर ठरतं अशाही वेळा असतात. विनोद चावट असेल आणि न कळलेल्या माणसानं सरळ अर्थानं काही विचारलं असेल, तर चारचौघांत उलगडा करणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा अडचणीत टाकणं आहे. आणि ज्यानं विचारलंच नाही, नुसता गप्प आहे, त्याला आपणहून काही समजावायला जाऊ नये.

हे शेवटचं मी माझ्या आईमुळे शिकले. ती या ग्रुपवर आहे, तिनंही मामाचा मजकूर वाचला होता आणि एकही खूण टाकली नव्हती. रात्री त्याच भावानं तिला विचारलं, «आत्या, तुम्हाला कळला ना काकांचा जोक?» आई म्हणाली, «कळला रे.» आमचं घर कर्नाळ रोडला आहे. 2019 ला तळमजला पाण्यात होता, 2021 च्या जुलैत पुन्हा सामान वर चढवलं. तिला आयर्विनचे आकडे मामापेक्षा जास्त पाठ आहेत. विनोद कळूनही न हसणारा माणूस आणि विनोद न कळलेला माणूस मोबाइलवर सारखेच दिसतात: दोघेही गप्प. फरक ओळखायचा तर एवढंच बघावं की त्या माणसाकडे माहिती आहे की नाही. माहिती असलेला गप्प असेल तर त्याला विनोद समजावणं हा अपमान आहे, आणि त्याच्याशी बोलायचं असेल तर विनोदाविषयी बोलू नये. मामाला हे उशिरा का होईना उमगलं. तो जेवताना आईजवळ जाऊन बसला आणि कोयनेत यंदा पाणी किती आहे, तुमच्याकडच्या पंपाचं काय झालं, असं विचारत राहिला.

खुर्च्या लावून झाल्यावर मामानं ग्रुपवरही दोन ओळी लिहिल्या: «सूनबाई, माझा मजकूर जिल्हा प्रशासनाला शोभेल असा झाला. पुढच्या बुलेटिनखाली पाहुणे विभाग अशी सही करतो.» हे मामीच्या नंतर आलं ते बरं झालं. विनोद करणाऱ्यानंच आधी खुलासा करायला घेतला की बहुतेक वेळा तो विनोदाची वकिली होऊन बसते.

शनिवारी सकाळी वहिनीचा निरोप आला: «पुण्यातून 2 क्युसेक विसर्ग सुरू. दुपारपर्यंत आयर्विनला पोहोचेल. सतर्क रहावे.» काम झालं याची यापेक्षा चांगली खूण मागता येणार नाही. पण खरी परीक्षा लगेच पुढे होती. पुण्याचं पाणी सांगलीला येत नाही. मुळा-मुठेचं पाणी भीमेला, तिथून उजनीला, आणि भीमा कृष्णेला मिळते ती पार खाली कर्नाटकात. आमच्या घरात भूगोल शिकवणारे एक काका आहेत आणि ते टाइप करत असल्याचं ग्रुपवर दिसत होतं. नव्या माणसानं धीर करून पहिला विनोद करावा आणि त्याची नदी चुकीची निघावी! ते उत्तर पोचायच्या आत मामानं लिहिलं: «भीमेचं पाणी वाट वाकडी करून सांगलीला येतंय. असा मान फक्त आपल्यालाच. दोन बशा कांदेपोहे राखीव.» चूक दुरुस्त झाली, तिची माहितीही पोचली, आणि ती चूकच विनोदाचा भाग झाली. भूगोलवाल्या काकांनी टाइप करणं थांबवलं.

वहिनी घरात शिरली तेव्हा न्हाणीघराबाहेर तिघं टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. तिनं विचारलं, «अलमट्टी?» आणि तिघांनीही मान हलवली.

रविवारचा कार्यक्रम उरकल्यावर आईनं ग्रुपसाठी एक नियम घातला आणि तो आजवर पाळला जातो. आयर्विनची खरी पातळी 30 च्या पुढे गेली की पुराच्या वेषातले विनोद बंद. त्या आकड्यानंतर नदीकाठच्या वस्त्यांत माणसं खरंच आवराआवर करायला लागतात, आणि तेव्हा «स्थलांतर करावे» असा निरोप आला तर तो प्रत्येकानं खराच मानायला हवा. मामानं तो नियम ग्रुपच्या माहितीत सगळ्यात वर लिहून ठेवला आहे.